काल्पनिक बेटाचा नकाशा आणि त्यासाठी लिहावयाचे शब्द

(द्वितीय वर्ष, कला)

कथेला नकाशा जोडण्याची प्रथा तशी जुनी आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी १८८३ साली पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा तिच्या आरंभी बेटाचा नकाशा छापलेला होता. आधी नकाशा काढला आणि मग त्यावरून कथा सुचत गेली, असे स्टीव्हन्सननेच पुढे लिहून ठेवले आहे. टॉल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४-५५ मध्ये आली, तिच्यातील नकाशे त्याचा मुलगा ख्रिस्टोफर याने रेखाटले होते. या दोन्ही उदाहरणांत नकाशा काढणारा माणूस कथेच्या अगदी जवळचा होता. बेटावर काय आहे हे तर त्याला ठाऊक होतेच, पण काय नाही हेही ठाऊक होते.

आज शब्द लिहिले की चित्र तयार करून देणारी साधने संगणकावर मिळतात. त्या शब्दांना 'प्रॉम्प्ट' म्हणतात. ज्याला चित्रकला येत नाही अशा विद्यार्थ्यालाही आपल्या कथेसाठी किंवा खेळासाठी जुन्या कागदावरचा वाटावा असा नकाशा या साधनांनी करता येतो. परंतु हे यंत्र कथेच्या जवळचे नसते. त्याने कथा वाचलेली नसते. म्हणून नकाशा देखणा निघतो आणि कथेला खोटे पाडतो, असे वारंवार घडते. हे टाळण्यासाठी प्रॉम्प्ट कसा लिहावा, आणि शब्दांची मर्यादा कोठे संपते, एवढाच विषय मी या लेखात घेतला आहे. उदाहरण म्हणून माझ्याच एका कथेतील 'शंखद्वीप' या बेटाचा नकाशा घेतो. साधन म्हणून 'स्टेबल डिफ्यूजन एक्सएल' हे २०२३ साली सर्वांसाठी खुले झालेले मॉडेल वापरले आहे. इतर साधनांत बटणांची नावे निराळी असतील, पण तत्त्व बहुतांशी हेच लागू पडते.

१. कथा नकाशाला कोणत्या अटी घालते?

शंखद्वीपाची कथा थोडक्यात अशी. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कोळ्यांचे गाव आहे. पश्चिमेला एक लांब, चिंचोळी खाडी आत शिरली आहे आणि तिच्या मुखाशी किल्ला आहे. गाव आणि किल्ला यांच्या मधोमध उत्तर-दक्षिण डोंगररांग उभी आहे. गावातल्या एका मुलीला भरतीपूर्वी किल्ल्यावर निरोप पोहोचवायचा आहे. डोंगर ओलांडायला एकच खिंड आहे, आणि जहाजावरच्या एका कारकुनाने काढलेल्या नकाशावर नेमकी ती खिंडच दिसत नाही. हा कागद वर्षानुवर्षे चार घड्या करून खिशात वागवलेला असल्यामुळे घडीवरची शाई झिजून गेली आहे. कथेचा सारा पेच या झिजलेल्या जागेत आहे.

यावरून प्रॉम्प्ट लिहिण्याच्या आधीच मी पाच अटी वहीत उतरवल्या. एक, बेट एकच असावे. दोन, खाडी पश्चिमेलाच असावी व तिच्यावर पूल नसावा. तीन, डोंगररांग सलग असावी, तिच्यात दुसरी वाट दिसता कामा नये. चार, किल्ला एकच असावा. पाच, घडी खिंडीवरून जावी. यांपैकी एक जरी अट मोडली, तरी वाचक विचारील, "मग ती मुलगी पुलावरून का गेली नाही?" आणि त्याला उत्तर देता येणार नाही.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे नकाशा म्हटला की मला पुस्तकाआधी तलाठ्याकडचा गावनकाशा आठवतो. त्यावर डोंगराचे चित्र नसते की होकायंत्र नसते, नुसत्या रेघा आणि गट क्रमांक. परंतु त्यातली एक रेघ हातभर सरकली तर दोन घरांचे बोलणे बंद होते. काल्पनिक नकाशाच्या रेघेवर कोणाचे पोट नसते हे खरे, पण नकाशावरची प्रत्येक रेघ काहीतरी ठामपणे सांगत असते, एवढा गुण दोघांत समान आहे.

२. नुसते 'फँटसी मॅप' लिहिले तर

प्रयोगाची सुरुवात मी मुद्दाम सर्वांत आखूड प्रॉम्प्टने केली.

```
fantasy map, old parchment
```

चार चित्रे काढली. चारही चित्रांत जळक्या कडांचा, गुंडाळी सुटल्यासारखा कागद होता. दोन चित्रांत तो कागद लाकडी टेबलावर पसरलेला असून शेजारी मेणबत्ती ठेवलेली होती. सर्वत्र अक्षरांसारख्या दिसणाऱ्या, पण कोणत्याही लिपीत न बसणाऱ्या खुणा विखुरल्या होत्या. एका चित्रात होकायंत्राची दोन फुले होती.

याचे कारण समजून घेतले की पुढचे काम सोपे जाते. हे मॉडेल असंख्य चित्रे आणि त्यांच्यासोबतचा मजकूर यांवरून शिकलेले असते. 'ओल्ड पार्चमेंट' हे शब्द ज्या चित्रांखाली येतात, त्यांत टेबलावर मांडून काढलेली छायाचित्रेही पुष्कळ असतात. आपल्याला कागदाचा पृष्ठभाग हवा असतो, मॉडेल मात्र कागद ही वस्तू दाखवते. म्हणून प्रॉम्प्टमध्ये भाव सांगण्याऐवजी रेखाटन सांगावे. 'गूढ', 'भव्य', 'प्राचीन' अशी विशेषणे डोंगर कसा काढायचा हे सांगत नाहीत. ते सांगायचे तर जुन्या नकाशाकारांची चित्रभाषा थोडीतरी माहीत हवी.

३. जुन्या नकाशांची चित्रभाषा

आज ज्याला आपण फँटसी नकाशाची शैली म्हणतो, ती मुख्यतः सोळाव्या व सतराव्या शतकांतील युरोपीय नकाशांवरून आली आहे. ओलाउस मॅग्नुसचा 'कार्टा मरीना' १५३९ साली व्हेनिसमध्ये लाकडी ठशांवरून छापला गेला, त्यातले समुद्रराक्षस प्रसिद्धच आहेत. अब्राहम ऑर्टेलियसचा नकाशासंग्रह १५७० साली अँटवर्पला निघाला. त्यातील नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले होते. लाकडी ठशाची रेघ जाड आणि थोडी ओबडधोबड येते, तर ताम्रपटावरची रेघ केसासारखी बारीक येते. हाताने काढलेल्या नकाशात बोरूच्या दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होते. प्रॉम्प्टमध्ये या तिन्हींपैकी एकच निवडावी. तिन्ही नावे एकत्र लिहिली तर रेघेला कोणतेच निश्चित रूप राहत नाही.

या नकाशांत जमीन वरून पाहिलेली असते, पण डोंगर, झाडे आणि गावे मात्र बाजूने पाहिल्यासारखी काढलेली असतात. डोंगर म्हणजे वारुळासारखे लहान उंचवटे, एका बाजूला छायेच्या रेघा. किनारा उठून दिसावा म्हणून समुद्राच्या बाजूला किनाऱ्याशी समांतर बारीक रेघा काढत, किंवा आडव्या आखूड रेघांची झालर लावत. शीर्षकासाठी कोपऱ्यात नक्षीदार चौकट असे. एवढी चार लक्षणे प्रॉम्प्टमध्ये नेमकी सांगता आली, तर शैलीचे बहुतेक काम होते.

शाई आणि कागद यांचेही नाते आहे. छपाईची शाई तेल आणि काजळी यांची असे, ती शतकानुशतके काळीच राहते. हाताने लिहिण्यासाठी मायफळ आणि लोहक्षार यांची शाई वापरीत, ती काळाबरोबर तपकिरी होते. तेव्हा तपकिरी रेघ हवी असेल तर नकाशा हस्तलिखित मानणे सुसंगत ठरते. माझा नकाशा कारकुनाने हाताने काढलेला आहे, म्हणून मी बोरूची तपकिरी रेघ आणि साधा कागद निवडला. खरे 'पार्चमेंट' म्हणजे कमावलेले कातडे, आणि जुने नाविक तक्ते त्यावर काढलेले आढळतात. पण कातडे खिशात चार घड्या करून सहसा कोणी ठेवत नाही. कथेत घडी महत्त्वाची असल्यामुळे मी 'पार्चमेंट' हा शब्दच गाळला.

४. प्रॉम्प्टची बांधणी

या मॉडेलला मजकूर इंग्रजीतच द्यावा लागतो. मराठी वाक्य दिले तर चित्र निघते, पण वाक्याशी त्याचा मेळ बसत नाही. दुसरी मर्यादा लांबीची. मजकूर वाचणारा भाग एका वेळी ७७ शब्दखंड घेतो, त्यांतले दोन आरंभ व शेवट दाखवण्यात जातात, म्हणजे आपल्या वाट्याला ७५ येतात. मोठा शब्द दोन-तीन खंडांत मोडू शकतो आणि स्वल्पविरामही एक खंड खातो. पुष्कळ प्रणाली लांब मजकुराचे तुकडे करून तो सामावून घेतात, पण मजकूर जितका लांबतो तितका एकेका शब्दाचा प्रभाव पातळ होतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी क्रम असा ठेवला: आधी चित्राचा प्रकार व पाहण्याची दिशा, मग किनारा, मग डोंगर व चिन्हे, आणि शेवटी शाई व कागद.

```
hand-drawn fantasy map of a single island, top-down view,
irregular coastline with one long narrow inlet on the left,
fine pen lines parallel to the shore,
a vertical range of small hill profiles,
small tree clusters, one fort icon,
brown ink on flat aged paper, empty cartouche
```

यात 'पश्चिम' हा शब्द नाही. नकाशात पश्चिम डावीकडे असते हे मॉडेल गृहीत धरीलच असे नाही, म्हणून सरळ 'डावीकडे' असे लिहिले. 'फ्लॅट' हा लहानसा शब्द फार कामाचा आहे, कारण टेबल आणि मेणबत्ती घालवण्यास त्याची मदत होते.

नको असलेल्या गोष्टींसाठी निराळा रकाना असतो, त्याला 'नेगेटिव्ह प्रॉम्प्ट' म्हणतात. मुख्य प्रॉम्प्टमध्ये 'अक्षरे नकोत' असे लिहिले, तर उलट अक्षरे वाढण्याचाच संभव असतो. मॉडेलला त्या वाक्यातील 'अक्षरे' हा शब्द ठळकपणे पोहोचतो, 'नकोत' मात्र फारसा पोहोचत नाही. निराळ्या रकान्यात तोच शब्द ठेवला की परिणाम वेगळा होतो. चित्र केवळ ठिपक्यांच्या गोंधळातून पायरीपायरीने साफ होत जाते, आणि प्रत्येक पायरीवर ते मुख्य वर्णनाकडे ओढले जाते व नकारार्थी वर्णनापासून दूर लोटले जाते. म्हणून तेथे 'नको' न लिहिता फक्त वस्तूंची नावे लिहावीत.

```
text, letters, labels, photo, wooden table, scroll,
curled edges, burnt edges, candle, 3d render, bridge
```

आरंभीचा तो ठिपक्यांचा गोंधळ एका आकड्यावरून ठरतो. पडद्यावर त्याला `seed` म्हणतात. तो आकडा आणि बाकीच्या सर्व गोष्टी तशाच ठेवल्या तर त्याच संगणकावर चित्रही पुन्हा जवळजवळ तेच येते. म्हणून एखाद्या शब्दाचा परिणाम पाहायचा असेल तेव्हा `seed` कायम ठेवून एकच शब्द बदलावा. एरवी चित्रातला फरक शब्दामुळे झाला की आकड्यामुळे, हे कळावयास मार्ग राहत नाही.

५. किनारा शब्दांनी ठरत नाही

वरील प्रॉम्प्टने आलेली चित्रे शैलीच्या दृष्टीने चांगली होती. पाच अटींवर मात्र ती टिकेनात. आठ चित्रांपैकी तिघांत खाडी डावीकडे होती, दोघांत ती बेटाला आरपार चिरून दोन बेटे करीत होती, उरलेल्या तिघांत खाडीचा पत्ताच नव्हता. वाक्य आणखी स्पष्ट करूनही यात फारसा फरक पडला नाही. शब्दांनी जात सांगता येते, जागा सांगता येत नाही. या टप्प्यावर प्रॉम्प्ट वाढवीत न बसता रेखाटन हाती घ्यावे.

मी १२१६ बाय ८३२ ठिपक्यांचे एक कोरे चित्र घेतले. या मॉडेलला मानवणाऱ्या मापांपैकी हे एक आहे. त्यावर जमीन फिकट पिवळसर रंगाने आणि समुद्र जरा गडद रंगाने भरला. दोहोंमध्ये तपकिरी किनारा काढला आणि डोंगरांच्या जागी नुसते उलटे 'व्ही' एकाखाली एक मांडले. चित्रकला येण्याची यात काहीच गरज नाही. मात्र किनारा काढताना हात थरथरू द्यावा, लहान भूशिरे व बारीक कोंडाळी काढावीत. गुळगुळीत किनारा दिला तर मॉडेल त्याला आपणहून दातेरी करीलच असे नाही, आणि बेट अंड्यासारखे दिसते.

हे रेखाटन आणि तोच प्रॉम्प्ट एकत्र दिल्यावर एक आकडा ठरवावा लागतो, पडद्यावर त्याचे नाव `denoising strength`. तो ० ते १ यांमध्ये असतो आणि मूळ रेखाटनात किती ढवळाढवळ करायची हे सांगतो. ०.३ ठेवला तेव्हा माझे बालबोध रेखाटन किंचित रंग बदलून परत आले. ०.८ ला चित्र सुरेख झाले, पण खाडी निम्मी झाली आणि उत्तरेला एक नवे बेट उगवले. ०.५५ ते ०.६५ या टप्प्यात किनारा माझा राहिला आणि रेघ कारकुनाची झाली. शेवटी ०.६ वर थांबलो. प्रत्येक रेखाटनासाठी ही जागा थोडी इकडेतिकडे सरकते, म्हणून ०.०५ च्या पायऱ्यांनी शोधावी. किनाऱ्याची रेघ तंतोतंत हवी असेल तर 'कंट्रोलनेट' नावाची २०२३ सालची जोडपद्धती आहे. तिला रेखाटनाच्या रेघा दिल्या की मॉडेलला त्या पाळाव्या लागतात. मला तिची गरज पडली नाही.

६. लहान चिन्हे का बिघडतात?

किनारा जमल्यावर किल्ल्याकडे पाहिले तर तेथे किल्ल्याऐवजी एक तपकिरी गाठ होती. झाडांचे पुंजके बरे होते, कोळ्यांची घरे मात्र एकमेकांत वितळली होती. हा दोष प्रॉम्प्टचा नाही, मापाचा आहे.

हे मॉडेल चित्रावर थेट काम करीत नाही. ते चित्राच्या एका लहान, सांकेतिक रूपावर काम करते, आणि ते रूप लांबीला व रुंदीला आठपटीने लहान असते. म्हणजे १२१६ बाय ८३२ चे चित्र आत १५२ बाय १०४ घरांचे असते. माझे किल्ल्याचे चिन्ह ३२ ठिपके रुंद व तितकेच उंच होते, म्हणून त्याच्या वाट्याला ४ बाय ४, एकूण १६ घरे आली. सोळा घरांत बुरूज, तट आणि दरवाजा कसा मावणार? बारीक अक्षरांची दुर्दशा होण्यामागेही हे एक मोठे कारण आहे.

उपाय असा की तेवढाच भाग निवडून तो पुन्हा काढून घ्यावा. या क्रियेला 'इनपेंटिंग' म्हणतात. निवडलेला तुकडा आधी मोठा करून, त्यावर काम करून, मग लहान करून जागेवर बसवण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते. ती वापरली की त्याच किल्ल्याला हजारो घरे मिळतात. त्या तुकड्यासाठी प्रॉम्प्टही निराळा आणि आखूड द्यावा, नाहीतर मॉडेल त्या चौकोनात आणखी एक पूर्ण बेट काढू पाहते.

```
small pen-drawn fort with two round towers, side view,
brown ink, plain aged paper
```

संख्येच्या बाबतीत मॉडेलवर विसंबू नये. 'सात घरे' लिहिले तर पाचही येतात आणि अकराही येतात. म्हणून मी घराचे एकच चिन्ह कोऱ्या कागदावर वेगळे काढून घेतले आणि 'गिंप' या मोफत चित्रसंपादकात सात वेळा चिकटवले. चिकटवलेल्या थराचा प्रकार `Multiply` ठेवला की चिन्हाखालचा कागद लोपत नाही, केवळ रेघ उमटते. सर्व घरे अगदी एकसारखी दिसू नयेत म्हणून एक-दोन आडवी उलटवली. येथे छायेकडे लक्ष हवे. डोंगरांवर प्रकाश डावीकडून वरून येत असेल तर उलटवलेल्या घराची छाया चुकीच्या बाजूला जाते, ती हाताने पुसावी लागते.

७. कागदाला वय देणे

जुनेपणा हा साधारणपणे सर्वांत शेवटी, सढळ हाताने शिंपडला जातो. डाग, भेगा, जळक्या कडा, सगळे एकाच कागदावर. परंतु खऱ्या कागदाच्या प्रत्येक खुणेला कारण असते. घडीवर कागद झिजतो, कारण तेथे तो वाकतो. घड्या एकमेकींना छेदतात तेथे भोक पडते. कडा काळवंडतात, कारण हात तेथे लागतो. दमटपणाने बारीक तांबूस ठिपके पडतात. पाणी सुकते तेव्हा डागाची कड आतल्या भागापेक्षा गडद होते. माझ्या कागदाला आग लागल्याचे कथेत कोठेही नाही, तेव्हा जळकी कड आली की ती खोटी.

म्हणून मी कागद नकाशापासून वेगळा केला. त्याच मापाचा केवळ कोरा जुना कागद तयार करून घेतला. या प्रॉम्प्टमध्ये नकाशाचे नावही नाही.

```
flat blank aged paper, folded twice, one vertical and
one horizontal crease, faint brown foxing, overhead scan
```

नकाशाची पार्श्वभूमी उजळ करून पांढरी केली, रेघा तेवढ्या ठेवल्या आणि तो थर `Multiply` करून कागदावर ठेवला. यामुळे नकाशा तसाच ठेवून कागद सरकवता आला. उभी घडी डोंगररांगेवर आणून आडवी घडी खिंडीपर्यंत खाली ओढली. जेथे दोन घड्या छेदतात तेथे नकाशाच्या थरावरची शाई खोडरबराने पुसट केली. कथेचा पेच आता कागदावर आला होता, आणि तो प्रॉम्प्टने नव्हे, हाताने आला होता.

८. अक्षरे आणि शेवटची तपासणी

गावांची नावे मॉडेलकडून लिहून घेऊ नयेत. अलीकडच्या काही मॉडेल्सना रोमन अक्षरे बरी जमतात, पण देवनागरीतील जोडाक्षरांचा भरवसा धरता येत नाही. 'शंखद्वीप' या शब्दातला 'द्वी' तर मी पाहिलेल्या एकाही चित्रात शाबूत नव्हता. शीर्षकाची चौकट कोरी मागून घ्यावी आणि नावे संपादकात स्वतः टाकावीत. त्यांचा रंग शुद्ध काळा न ठेवता नकाशाच्या रेघेतून उचललेला तपकिरी ठेवावा. समुद्राचे नाव अक्षरांत अंतर ठेवून पसरट लिहावे, गावाचे नाव लहान व आटोपशीर लिहावे, म्हणजे कोणते नाव केवढ्या प्रदेशाचे आहे हे वाचकाला न सांगता कळते.

नंतर चित्र मोठे करून, बोट ठेवून तपासावे. सर्वांत आधी नद्या. नदी उंचावरून निघून समुद्राला मिळते, वाटेत तिला उपनद्या येऊन मिळतात. मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर ती सहसा फाटत जात नाही. मॉडेल मात्र एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी किंवा डोंगर चढणारी नदी निःशंकपणे काढते. माझ्या चित्रात एक ओढा डोंगररांग सरळ छेदून पश्चिमेला जात होता. तसा ओढा म्हणजे दुसरी खिंडच, आणि तिसरी अट तेथेच मोडत होती. तो भाग निवडून तेथे डोंगर भरून घेतला. मग किनारा सर्वत्र एकाच रेघेचा आहे ना, होकायंत्राचे फूल एकच आहे ना, छाया सर्वत्र एकाच बाजूला आहे ना, हे पाहिले.

छापण्यापूर्वी एक साधा हिशेब करावा. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात असे धरतात. १२१६ ठिपक्यांचा नकाशा त्या हिशेबाने जेमतेम चार इंच रुंद छापता येतो. वार्षिकाच्या पानाला तो दुप्पट मोठा करावा लागतो. अक्षरे मोठे केल्यानंतर टाकावीत, आधी टाकली तर त्यांच्या कडा बोथट होतात.

शेवटी कोपऱ्यात मी बारीक अक्षरांत 'काल्पनिक, संगणकाच्या साहाय्याने' असे लिहून वर्षही घातले. जुन्या दिसणाऱ्या कागदावर लोकांचा विश्वास चटकन बसतो. पानावरून सुटलेले चित्र मोबाईलवर फिरू लागले की त्याच्याबरोबर कथा जात नाही, आणि एखाद्या गावाची किंवा किल्ल्याची नसलेली जुनी 'साक्ष' त्यातून तयार होऊ शकते. चित्रातच ओळ असली की निदान ती चित्राबरोबर जाते. शंखद्वीपाच्या नकाशावर ती ओळ खाली उजव्या कोपऱ्यात आहे, घडीपासून पुरेशी दूर.